आरएफपीमधील गुणांकन तक्ता मराठीत उतरवून लहान फर्मने प्रस्ताव कसा बेतावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणत्या प्रकारच्या निविदांसाठी आहे?

सरकारी कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था सल्लासेवा, सर्वेक्षण, सॉफ्टवेअर अशा कामांसाठी आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारा दस्तऐवज, काढतात. त्यातील बऱ्याच आरएफपींमध्ये सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळतेच असे नाही. तांत्रिक प्रस्तावाला गुण दिले जातात, दरालाही गुण दिले जातात, आणि दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिळवून ज्याची बेरीज सर्वांत जास्त त्याची निवड होते. या पद्धतीला कार्यालयात सगळे ‘क्यूसीबीएस’ म्हणतात, म्हणजे गुणवत्ता आणि खर्च या दोन्हींवर आधारलेली निवड. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १९२ या पद्धतीविषयी आहे. किमान तांत्रिक गुण किती हवेत आणि तांत्रिक बाजू व दर यांचे प्रमाण काय, हे आरएफपीमध्ये आधीच सांगितले पाहिजे, असे तो नियम सांगतो. तांत्रिक बाजूचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त असू नये, अशी मर्यादाही त्यात आहे. हे नियम केंद्राच्या खात्यांसाठी असले, तरी राज्यातील अनेक आरएफपींचा साचा त्याच धर्तीचा असतो.

पुढील सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतले आहे. सांगलीत १४ जणांची एक सर्वेक्षण व नकाशा तयार करणारी फर्म आहे आणि एका नगरपरिषदेने मालमत्तांच्या जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशावर आधारलेल्या, सर्वेक्षणासाठी तांत्रिक बाजू ७० आणि दर ३० अशा ७०:३० प्रमाणात आरएफपी काढली आहे, असे समजा. फर्म आणि आकडे कल्पित आहेत. तक्त्याची रचना मात्र नेहमी दिसते तशीच ठेवली आहे.

आरएफपी इंग्रजीत आहे आणि प्रस्तावही इंग्रजीतच द्यायचा आहे. मग गुणांकन तक्ता मराठीत उतरवायचा कशासाठी?

लहान फर्ममध्ये निविदेचे निर्णय एकटा माणूस घेत नाही. दर भागीदार ठरवतात, कामांचे दाखले लेखापाल काढून देतो, कोणता माणूस या कामावर ठेवायचा ते सर्वेक्षणाचा प्रमुख सांगतो. यांपैकी प्रत्येक जण दीडशे पानांचा इंग्रजी दस्तऐवज वाचणार नाही, आणि वाचला तरी प्रत्येकाच्या मनात त्याचा वेगळा अर्थ राहील. प्रत्येक गुण नेमका कशाबद्दल मिळणार आहे हे सर्वांना एकाच वेळी, एकाच अर्थाने कळावे, यासाठी तक्ता मराठीत उतरवायचा असतो.

मात्र हे भाषांतर वाचनापुरते नसते, त्यातून कामे वाटून द्यायची असतात. तक्त्यातील ओळ मराठीत उतरली म्हणजे त्या गुणासाठी कोणता कागद लागतो, तो आज कोणाकडे आहे आणि नसेल तर किती दिवसांत मिळेल, हे त्या ओळीवरून सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर शब्द बदलले पण ओळ उतरली नाही असे मी धरतो. हा तक्ता केवळ फर्मच्या आतल्या वापरासाठी आहे; अर्थाबद्दल शंका आली की मूळ इंग्रजी कलमच ग्राह्य धरायचे.

पात्रतेच्या अटी आणि गुणांकनाचे निकष यांत फरक काय?

पात्रतेची अट म्हणजे दार. आत गेलात किंवा बाहेर राहिलात, तिथे गुणांचा प्रश्न नसतो. ‘मागील तीन आर्थिक वर्षांची सरासरी उलाढाल किमान १ कोटी’ ही अट पूर्ण झाली की तिचे काम संपते. पण बहुतेकदा तीच उलाढाल पुढे गुणांकन तक्त्यातही येते आणि तिथे १ कोटीला सर्वांत कमी गुण असतात. दोन्ही जागी मजकूर सारखा दिसत असल्यामुळे लहान फर्म पहिली अट पाहून निश्चिंत होतात.

सूक्ष्म व लघुउद्योगांना आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपना मिळणाऱ्या सवलतींच्या बाबतीत हाच गोंधळ अधिक महागात पडतो. बयाणा रकमेतून सूट किंवा उलाढाल व पूर्वानुभवाच्या अटीत शिथिलता या सवलती साधारणपणे दारापुरत्या असतात. दार उघडले म्हणून आतले गुण मिळतात असे नाही. उद्यम नोंदणीच्या जोरावर पात्र ठरलेली फर्म अनुभवाच्या रकान्यात शून्यावर राहू शकते आणि किमान तांत्रिक गुणांच्या खाली जाऊन तिचा दराचा लिफाफा उघडलाही जात नाही. म्हणून पात्रता आणि गुणांकन यांचे दोन स्वतंत्र कागद करावेत, एकाच तक्त्यात ते मिसळू नयेत.

एक ओळ मराठीत उतरवायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

आमच्या उदाहरणातील आरएफपीमध्ये दुसरा निकष असा आहे : मागील पाच वर्षांत पूर्ण केलेली, प्रत्येकी किमान २५ लाख रुपयांची, समान स्वरूपाची कामे, प्रत्येक कामास ५ गुण, कमाल २५ गुण, पुरावा म्हणून कार्यादेश आणि पूर्णत्वाचा दाखला.

या एका ओळीत सहा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर आरएफपीच्या वेगळ्या पानावर सापडते. ‘मागील पाच वर्षे’ कोणत्या तारखेपासून मागे मोजायची? काम त्या काळात सुरू झालेले हवे की पूर्ण झालेले? २५ लाख ही रक्कम जीएसटीसह की त्याशिवाय? ‘समान स्वरूपाचे’ याची व्याख्या कुठे दिली आहे, आणि ड्रोनने केलेले जमिनीचे सर्वेक्षण तिच्यात बसते का? खासगी ग्राहकाचे काम चालते का? कार्यादेश ‘आणि’ दाखला हवा, की ‘किंवा’? मी या ओळीसमोर चार रकाने ठेवतो. पहिल्यात निकष साध्या मराठीत, दुसऱ्यात प्रत्येक टप्प्याला किती गुण, तिसऱ्यात लागणारा नेमका कागद, चौथ्यात मूळ कलम व पान क्रमांक. चौथा रकाना कधीही रिकामा सोडू नये, कारण वाद उद्भवला की त्याच रकान्याच्या आधारे मूळ मजकुराकडे परत जाता येते.

अशाच एका ओळीत माझ्याकडून एकदा झालेली चूक सांगतो. मी ती ‘मागील पाच वर्षांतील कामे’ अशी उतरवली होती. मूळ मजकुरात मात्र त्या काळात पूर्ण झालेली कामे असे होते. फर्मकडे सहा वर्षांपूर्वी सुरू होऊन चार वर्षांपूर्वी संपलेले एक मोठे काम होते. लेखापालाने माझा मराठी तक्ता वाचला, काम सहा वर्षांपूर्वीचे म्हणून बाजूला ठेवले, आणि हक्काचे ५ गुण गेले. मूळ दस्तऐवजात काहीही अस्पष्ट नव्हते. ‘पूर्ण झालेली’ हा शब्द मी गाळला होता.

भाषांतरात सर्वांत जास्त घोळ कोणत्या शब्दांत होतो?

टप्पे सांगणाऱ्या शब्दांत. मराठीत आपण ‘दोन कोटींच्या वर’, ‘दोन कोटींपर्यंत’, ‘दोन ते चार कोटी’ असे सहज लिहितो, पण नेमके दोन कोटी कोणत्या टप्प्यात पडतात हे त्यातून कळत नाही. तक्त्यात टप्प्यांच्या जागी चिन्हे वापरावीत, म्हणजे वाद राहत नाही. आमच्या उदाहरणात उलाढालीचे टप्पे असे उतरवले आहेत :

```
1 ≤ T ≤ 2  : 5
2 < T ≤ 4  : 7
T > 4      : 10
```

येथे T म्हणजे सरासरी वार्षिक उलाढाल, कोटी रुपयांत.

दुसरा घोळ ‘पूर्ण’ या शब्दाचा. काम पूर्ण, बहुतांशी पूर्ण आणि प्रगतिपथावर या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि काही आरएफपींमध्ये ८० टक्के झालेले कामही धरले जाते, त्यासाठी वेगळा दाखला लागतो. तिसरा घोळ व्यक्तीच्या अनुभवाचा. पदवीनंतरचा अनुभव मागितला असेल, तर पदविका घेऊन नोकरीला लागलेल्या आणि नंतर पदवी पूर्ण केलेल्या माणसाची वर्षे पदवीच्या तारखेपासून मोजली जातात. त्याच्या कामाच्या पहिल्या दिवसापासून मोजली, तर फर्मच्या हिशेबात बारा वर्षे आणि समितीच्या हिशेबात आठ, असा फरक पडतो. संबंधित कामाचा अनुभव मागितला असेल, तर आणखी चाळणी लागते.

बंधनकारक आणि ऐच्छिक यांतला फरकही मराठीत पुसला जातो. ‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘मे’ या तिन्हींना आपण सवयीने ‘द्यावे’ असे लिहून मोकळे होतो. मी पहिल्याला ‘द्यावेच लागेल’, दुसऱ्याला ‘देणे अपेक्षित’ आणि तिसऱ्याला ‘देता येईल’ असेच ठेवतो, भाषा थोडी ओबडधोबड झाली तरी.

आपल्याला किती गुण पडतील याचा अंदाज कसा बांधायचा?

आमच्या आरएफपीचा तांत्रिक तक्ता १०० गुणांचा आहे. उलाढालीला १०, पूर्ण केलेल्या कामांना २५, तीन प्रमुख व्यक्तींच्या चमूला २५, कार्यपद्धती व कार्ययोजनेला २० आणि सादरीकरणाला २०. किमान ७० गुण मिळाले तरच दराचा लिफाफा उघडणार.

पहिले तीन निकष कागदावर ठरतात. तिथे समितीच्या मताला फारसा वाव नसतो, म्हणून ते आधी मोजावेत. सांगलीच्या फर्मची सरासरी उलाढाल १ कोटी ६० लाख, म्हणून ५ गुण. नि:संशय बसणारी कामे तीन, म्हणून १५. चमूत जीआयएस तज्ज्ञाला पूर्ण ८ आणि डेटाबेस तज्ज्ञाला पूर्ण ७. प्रकल्पप्रमुखाचा अनुभव आठ वर्षांचा आणि पूर्ण १० गुणांसाठी किमान दहा वर्षे हवीत, म्हणून त्याला ७. एकूण ४२.

आता ७० गाठायला उरलेल्या ४० गुणांपैकी २८ मिळाले पाहिजेत, आणि ते सर्वस्वी समितीच्या हातात आहेत. चांगल्या तयारीने ३० मिळाले असे धरले तर बेरीज ७२ होते. म्हणजे फर्म पात्र ठरेल, पण सादरीकरणात तीन गुण कमी पडले तर तिथेच संपेल. हे चित्र दर ठरवण्याच्या आधी भागीदारांसमोर आले पाहिजे.

मग कागदावरचे कोणते गुण वाढवता येतात ते पाहावे. उलाढाल तीन आठवड्यांत वाढत नाही. चौथे काम प्रत्यक्षात संपलेले आहे, फक्त पूर्णत्वाचा दाखला ग्राहकाकडून घ्यायचा राहिला आहे. तो आला की ५ गुण. प्रकल्पप्रमुख म्हणून अकरा वर्षे अनुभव असलेली व्यक्ती करारावर घेता आली, आणि आरएफपी त्यास परवानगी देत असेल, तर ३ गुण. ४२ चे ५० झाले, आणि समितीकडचे तेच ३० धरले तर बेरीज ८०. यासाठी लागला तो एक दाखला आणि एक नेमणूक.

अंतिम गुण कोणत्या सूत्राने निघतात?

सर्वसाधारण सूत्र असे असते :

```
Sf = 100 × Fm / F
S  = 0.70 × St + 0.30 × Sf
```

`St` म्हणजे आपले तांत्रिक गुण, `F` आपला दर, `Fm` तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरलेल्यांमधील सर्वांत कमी दर, `Sf` दराचे गुण आणि `S` अंतिम गुण. मराठीत सांगायचे तर सर्वांत कमी दर देणाऱ्याला दराचे १०० गुण मिळतात आणि बाकीच्यांना त्या दराच्या प्रमाणात कमी. दर जीएसटीसह धरायचा की त्याशिवाय, हे कलमात पाहूनच `F` भरावा.

तांत्रिक गुणाची रुपयांत किंमत काढता येते का?

येते, आणि माझ्या मते संपूर्ण तक्ता उतरवण्याचा खरा उपयोग इथेच होतो. समजा आमच्या फर्मशिवाय दोन स्पर्धक आहेत. पहिली मोठी कंपनी आहे, तिला तांत्रिक ९० गुण आणि तिचा दर ५४ लाख. दुसऱ्या फर्मला ७५ गुण आणि दर ३६ लाख. आमचा दर ४२ लाख.

सर्वांत कमी दर ३६ लाखांचा असल्याने त्या फर्मला दराचे १०० गुण, आम्हाला ८५.७१ आणि मोठ्या कंपनीला ६६.६७ मिळतात. मोठ्या कंपनीचे अंतिम गुण ६३ अधिक २०, म्हणजे ८३. स्वस्त फर्मचे ५२.५ अधिक ३०, म्हणजे ८२.५. आम्ही ७२ वर राहिलो तर ५०.४ अधिक २५.७१, म्हणजे ७६.११. दाखला आणि नेमणूक करून ८० वर गेलो तर ५६ अधिक २५.७१, म्हणजे ८१.७१. अजूनही आम्ही तिसरेच.

आता भागीदारांपुढे दोन वाटा असतात. दर कमी करून ८३ गाठायचे, तर ४२ लाखांवरून ४० लाखांवर यावे लागते, तिथे बरोबरी होते. जिंकायला त्याखाली जावे लागेल. दुसरी वाट म्हणजे दर ४२ लाखच ठेवून तांत्रिक गुण ८० चे ८२ करायचे. मग ५७.४ अधिक २५.७१ मिळून ८३.११ होतात आणि काम मिळते. ८० गुणांवर तेवढेच अंतिम गुण दरातून मिळवायचे तर दर सुमारे ३९ लाख ८३ हजारांवर आणावा लागला असता. म्हणजे या निविदेत दोन तांत्रिक गुणांची किंमत दोन लाखांहून अधिक आहे. कार्ययोजना नीट करण्यासाठी एका माणसाचे चार दिवस द्यायचे की नाही, हा प्रश्न या आकड्यासमोर ठेवला की त्याचे उत्तर वेगळे येते.

साधारण अंदाजासाठी लक्षात ठेवायला सोपे गणित असे आहे. ७०:३० मध्ये एका तांत्रिक गुणाने अंतिम बेरजेत ०.७ ची भर पडते. सर्वांत कमी दराच्या आसपास दर एक टक्क्याने वाढला की बेरजेतून सुमारे ०.३ जातात. म्हणून तिथे एक तांत्रिक गुण दरातील साधारण सव्वादोन ते अडीच टक्क्यांना तोलतो. सर्वांत कमी दरापासून जितके वर जाल तितकी एका गुणाची किंमत वाढत जाते.

स्पर्धकांचे गुण आणि दर आधी माहीत नसतात. मग या हिशेबाचा भरवसा किती?

नेमका निकाल सांगण्यापुरता भरवसा नाही. कोणत्या दिशेने मेहनत करायची हे ठरवण्यापुरता पुरेसा आहे. मी तीन चित्रे मांडतो : कोणीच अतिशय कमी दर देत नाही, मधले, आणि कोणीतरी तसा दर देतो. वरच्या उदाहरणात स्वस्त फर्म तांत्रिक टप्प्यातच बाद झाली, तर सर्वांत कमी दर आमचा ठरतो. मग ८० गुणांवर आमचे अंतिम गुण ८६ आणि मोठ्या कंपनीचे ८६.३३ होतात. उलट तीच फर्म २७ लाखांना आली, तर आम्ही ७५.२९ वर आणि मोठी कंपनी ७८ वर येते. जिंकते अर्थात तीच स्वस्त फर्म. आमच्यात आणि मोठ्या कंपनीत १२ लाखांचा फरक तिन्ही वेळा तोच आहे, पण दराच्या गुणांतून त्याचा आम्हाला होणारा फायदा पहिल्या चित्रात ६.६७, मूळ उदाहरणात ५.७१ आणि शेवटच्या चित्रात अवघा ४.२९ आहे.

यावरून दोन गोष्टी कळतात. कमी दराचा फायदा दुसऱ्याच कोणाच्या दरावर अवलंबून असतो, तर आपले तांत्रिक गुण बऱ्याच अंशी आपल्या कागदांवर. आणि ७०:३० हे प्रमाण जसे दिसते तसे प्रत्यक्षात चालत नाही. पात्र ठरलेले सगळे ७० ते ९५ च्या मध्ये असतात, म्हणून तांत्रिक बाजूने पडणारा जास्तीत जास्त फरक १७.५ गुणांचा, आणि कोणी इतरांच्या निम्म्या दराने आला, तर केवळ दराने १५ गुणांचा फरक पडतो. दर दुय्यम आहे असे ७०:३० वाचून समजू नये.

काही आरएफपींमध्ये तांत्रिक गुणांचेही प्रमाण काढतात असे ऐकले आहे. त्याने काय बदलते?

अशा आरएफपीत सर्वाधिक तांत्रिक गुण मिळवणाऱ्याला १०० धरतात आणि इतरांचे गुण त्या प्रमाणात मोजतात :

```
Tn = 100 × St / St_max
```

आमच्या उदाहरणात ९० गुणांची मोठी कंपनी १०० वर जाते आणि आमचे ८० चे ८८.८९ होतात. अंतिम गुण मोठ्या कंपनीचे ९०, आमचे ८७.९४. आधी आम्हा दोघांतील अंतर १.२९ होते, ते २.०६ झाले. आता दराच्या जोरावर जिंकायचे, तर ४० लाखांऐवजी सुमारे ३८ लाख ८८ हजारांच्या खाली जावे लागेल. म्हणजे हे सूत्र वरच्या क्रमांकावरील फर्मला झुकते माप देते. सूत्राच्या कलमातील ही एक ओळ नजरेतून सुटली, तर सुमारे एक लाख बारा हजारांनी हिशेब चुकतो. किमान ७० गुणांची अट मात्र बहुधा मूळ गुणांवरच लागते. तीही कलमात पाहून घ्यावी.

निविदापूर्व बैठकीत काय विचारावे?

चौथ्या रकान्यात कलम लिहूनही ज्या ओळीचा अर्थ ठरत नाही, तेवढेच विचारावे. प्रश्न आरएफपीने दिलेल्या नमुन्यात, कलम क्रमांक, पान, मूळ मजकूर आणि शंका या क्रमाने, मुदतीत लेखी द्यावेत. बैठकीत तोंडी मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये; राज्याच्या महाटेंडर्स या निविदा संकेतस्थळावर शुद्धिपत्रक किंवा लेखी खुलासा आला तरच ते धरावे.

प्रश्न कसा विचारतो यालाही महत्त्व आहे. ‘आमचे ड्रोन सर्वेक्षणाचे काम धराल का?’ असे विचारले, तर आपली कमकुवत बाजू सर्व स्पर्धकांना कळते, कारण उत्तरे सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. ‘कलमातील समान स्वरूपाच्या कामांच्या व्याख्येत ड्रोनद्वारे केलेल्या मालमत्ता अथवा भूमी सर्वेक्षणाचा समावेश होतो का, हे स्पष्ट करावे’ असे विचारले की तेच उत्तर मिळते. आणि एखादा अर्थ आपल्या बाजूने आधीच स्पष्ट असेल, तर तो प्रश्न विचारूच नये.

कार्यपद्धती आणि सादरीकरणाचे गुण मोजता येत नाहीत. त्यांचे भाषांतर कसे करायचे?

या ४० गुणांखाली बहुधा दोन-तीन उपशीर्षके असतात : कामाचे आकलन, कार्यपद्धती, मनुष्यबळ व वेळापत्रक. उपशीर्षकांना गुण वाटून दिलेले असतील तर काम सोपे होते. नसतील तर मी आरएफपीतील कामाच्या व्याप्तीचे प्रकरण घेतो आणि त्यातील प्रत्येक क्रियापदाचा मराठीत एक प्रश्न करतो. ‘मालमत्तांना विशिष्ट क्रमांक द्यावा’ असे असेल, तर ‘क्रमांक कोण, कोणत्या पद्धतीने देणार आणि बंद घराचे काय करणार?’ असा प्रश्न तयार होतो. सर्वेक्षण प्रमुख त्याचे मराठीत उत्तर देतो आणि मग ते इंग्रजीत लिहिले जाते. त्या उत्तरात गावातील गल्ल्या, दुपारी कुलूपबंद असणारी घरे, जुन्या नोंदवहीतील नावे येतात; तयार साच्यातील कार्यपद्धतीत ती कधीच येत नाहीत, आणि समितीला तो फरक दिसतो.

इंग्रजीत लिहिताना शीर्षके आरएफपीतील शब्दांतच, त्याच क्रमाने ठेवावीत. प्रस्तावाच्या सुरुवातीला निकष, आपण मागत असलेले गुण आणि पुराव्याचे पान अशी एक अनुक्रमणिका द्यावी. गुण देणाऱ्या सदस्याच्या हातात गुणपत्रिका असते. त्याला प्रत्येक ओळीचा पुरावा शोधत बसावे लागू नये.

आमचे दाखले मराठीत आहेत. ते चालतात का?

ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांचे दाखले मराठीत असतात आणि इंग्रजी आरएफपीत बहुधा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडण्याची अट असते. ती अट वाचून अनुवाद वेळेत करून घ्यावा. पण खरी अडचण वेगळीच आहे. ‘सदर फर्मने काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे’ एवढ्या वाक्याच्या दाखल्यातून गुण मिळत नाहीत, कारण त्यात रक्कम नाही, तारखा नाहीत आणि कामाचे स्वरूप नाही. अनुवादकाने त्यात काही भर घालणे हा गैरप्रकार ठरेल. कार्यालयाकडे अर्ज करून कार्यादेश क्रमांक, रक्कम, सुरुवातीची व पूर्णत्वाची तारीख आणि कामाची व्याप्ती असलेला नवा दाखला मागावा. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम निविदा निघाल्यावर नव्हे तर प्रत्येक काम संपताच करावे. उलाढालीच्या सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर अंक व अक्षरे मिळून १८ चिन्हांचा ओळख क्रमांक, म्हणजे यूडीआयएन, आहे ना, तेही तेव्हाच पाहावे.

कोणत्या आकड्यावर निविदा सोडून द्यावी?

कागदावरचे गुण मोजून झाल्यावर, किमान गुण गाठण्यासाठी समितीच्या हातातील गुणांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लागत असतील, तर मी फर्मला थांबायला सांगतो. आमच्या उदाहरणात ४० पैकी २८ लागत होते, म्हणजे ७० टक्के. दोन उपाय केल्यावर २० लागतात, म्हणजे निम्मे. हे उपाय शक्य नसते, तर मी ही निविदा भरायला सांगितली असती की नाही, याबद्दल मला शंका आहे. ही ७५ टक्क्यांची रेघ माझ्या अनुभवाची आहे, नियमाची नाही. आरएफपी संयुक्त भागीदारीला परवानगी देत असेल, तर सोडण्याआधी तो मार्ग पाहावा, मात्र भागीदाराची उलाढाल आणि कामे गुणांसाठी पूर्ण धरली जातात की हिश्श्यापुरती, हे कलमात वाचून.

शुद्धिपत्रक आल्यावर तक्त्याचे काय करायचे?

शुद्धिपत्रकाने एखाद्या निकषाचे गुण, किमान रक्कम किंवा शेवटची तारीख बदलू शकते, आणि तारीख बदलली की ‘मागील पाच वर्षे’ कोणती हेही बदलू शकते. म्हणून बदललेली ओळ खोडून नवी लिहावी, जुनी ओळ तारखेसह खाली ठेवावी आणि अंतिम गुणांचा हिशेब पुन्हा करावा. प्रस्ताव चढवण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळ पुन्हा पाहावे. दराचा तक्ता असलेली फाईल बदललेली असेल, तर नवीच उतरवून घ्यावी आणि तिचे नाव बदलू नये, कारण नाव बदललेली फाईल संगणकप्रणाली स्वीकारत नाही.

निकाल लागल्यावर हा तक्ता उपयोगी पडतो का?

तांत्रिक मूल्यमापनाचा निकाल संकेतस्थळावर येतो. त्यात निकषवार गुण असतील तर आपल्या अंदाजाशेजारी पाचव्या रकान्यात ते लिहावेत. नसतील तर काम दिल्यानंतर माहिती अधिकारात आपल्या प्रस्तावाचे गुण मागता येतात. पहिल्या तीन निकषांत फरक निघाला, तर एकतर ओळ आपण चुकीची उतरवली किंवा समितीने एखादा कागद धरला नाही, आणि दोन्हींचा शोध चौथ्या रकान्यातील कलमापासून घेता येतो. फरक कार्यपद्धती व सादरीकरणात निघाला, तर तो आकडा पुढच्या निविदेत अंदाजासाठी वापरावा. सांगलीच्या फर्मने ३० धरले होते आणि प्रत्यक्षात २६ मिळाले, तर पुढच्या वेळी ४० पैकी २६ धरूनच दराचा हिशेब सुरू करावा.